हजारो फोटोंचे फोल्डर उघडताना एक्सप्लोरर का अडकतो: दोष डिस्कचा की एक्सप्लोररच्या कामाचा?

प्रश्न: माझ्याकडे २ टीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क आहे. २०१५ च्या सिंहस्थाचे रामकुंड, कुशावर्त, साधुग्राम असे सगळे मिळून ११ हजारांच्या आसपास फोटो तिच्यावर एकाच फोल्डरमध्ये आहेत, मध्ये थोडे व्हिडिओपण आहेत. ते फोल्डर उघडलं की वर हिरवी पट्टी हळूहळू सरकते, मग `Not Responding` येतं, कधीकधी टास्कबारसुद्धा अडकतो. ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन इंडेक्सिंग बंद केलं, काही फरक नाही. एक जण म्हणतो थंबनेलमुळे होतं, दुसरा म्हणतो सरळ फॉरमॅट कर. फोटोंची दुसरी कॉपी नाही. काय करू? (नाशिकरोड)

उत्तर:

फॉरमॅट करू नका, आणि खालील तपासणी पूर्ण होईपर्यंत, तिच्यात मी सांगेन तेवढे सोडून, ते फोल्डर एक्सप्लोररमध्ये पुन्हा उघडूही नका. तुम्ही सांगितलेली लक्षणे दोन अगदी वेगळ्या कारणांनी दिसू शकतात. डिस्क निरोगी असूनही एक्सप्लोरर तिच्याकडून अवाजवी काम करून घेत असेल, किंवा डिस्कचाच काही भाग वाचता येईनासा झाला असेल. पहिल्या कारणावर एक सेटिंग बदलणे हा उपाय आहे. दुसऱ्या कारणात मात्र तीच खटपट करत बसलो, तर उरलेले फोटो वाचवण्याची संधी हातची जाते. दुसरी प्रत नसल्यामुळे हा निर्णय सर्वांत आधी व्हायला हवा. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या अशा डिस्कांमध्ये दोन्ही प्रकार असतात, आणि काही वेळा दोन्ही कारणे एकाच डिस्कवर एकत्र सापडतात.

निदान नीट करायचे तर फोल्डर उघडताना नेमके काय घडते ते आधी पाहावे लागेल. फाइलचे नाव, तिचा आकार आणि ती शेवटची बदलल्याची तारीख या गोष्टी फाइलच्या आत नसून फाइल सिस्टीमच्या नोंदींमध्ये असतात. पुस्तकाची अनुक्रमणिका वाचावी तशी ती यादी एक्सप्लोररला पटकन वाचता येते, आणि ११ हजार नोंदी हे निरोगी डिस्कसाठी फारसे मोठे काम नाही. फोटो कधी काढला ही तारीख, कॅमेऱ्याचे नाव, टॅग ही माहिती मात्र प्रत्येक फोटोच्या आत, त्याच्या सुरुवातीच्या भागात लिहिलेली असते. ती मिळवायची तर प्रत्येक फाइल उघडावी लागते. फोल्डरमध्ये बहुतेक फोटोच आहेत असे दिसले की विंडोज त्याला आपोआप फोटोंचा साचा लावतो. त्या साच्यातील `Date` हा रकाना फोटोसाठी काढल्याची तारीख दाखवतो, फाइल बदलल्याची नव्हे. रकाना नुसता दिसत असेल तर पडद्यावरच्या ओळींपुरतेच वाचन होते. परंतु तुम्ही कधी त्या रकान्यावर क्लिक करून फोटो तारखेप्रमाणे लावले असतील किंवा त्यांचे गट केले असतील, तर पहिल्या जागी कोणता फोटो ठेवायचा हे ठरवण्यासाठीसुद्धा एक्सप्लोररला सर्वच्या सर्व ११ हजार फाइली उघडून पाहाव्या लागतात. ही निवड त्या फोल्डरसाठी लक्षात ठेवली जाते आणि दर वेळी पुन्हा लागू होते.

थंबनेलांना लोक सर्रास दोष देतात, तो या बाबतीत अर्धाच खरा आहे. थंबनेल तयार करण्यासाठी फोटो वाचून लहान करावा लागतो, हे काम जड आहे. मात्र एक्सप्लोरर आधी पडद्यावर दिसणाऱ्या फोटोंचीच थंबनेल मागवतो आणि तुम्ही खाली सरकत जाल तसतशी पुढची. तयार झालेली थंबनेल तुमच्या संगणकाच्या सी ड्राइव्हवर, `%LocalAppData%\Microsoft\Windows\Explorer` या फोल्डरमधील `thumbcache` नावाने सुरू होणाऱ्या फाइलींमध्ये साठवली जातात, त्यामुळे पुढच्या वेळी ती पुन्हा बनवावी लागत नाहीत. ही साठवण बाहेरच्या डिस्कवर नसते, म्हणून तीच डिस्क दुसऱ्या संगणकाला लावली की सगळे काम पहिल्यापासून सुरू होते. डिस्क क्लीनअप किंवा तत्सम सफाईचे प्रोग्राम वारंवार चालवणाऱ्यांचीही हीच गत होते. थोडक्यात, फोल्डर उघडल्यानंतर खाली सरकताना अडखळत असेल तर थंबनेलांकडे पाहावे, आणि उघडतानाच पट्टी रेंगाळत असेल तर तारखेच्या क्रमाकडे आधी पाहावे.

आता या कामाला किती वेळ लागणे रास्त आहे, याचा हिशेब मांडू. पोर्टेबल हार्ड डिस्क बहुधा मिनिटाला ५,४०० फेऱ्यांची असते. एका फेरीला ११ मिलिसेकंद लागतात, हवा तो भाग वाचणाऱ्या डोक्याखाली येण्यासाठी सरासरी अर्धी फेरी थांबावे लागते, आणि डोके योग्य जागी सरकायला साधारण १० मिलिसेकंद जातात. म्हणजे विखुरलेल्या एका जागेवरून काही वाचायचे तर सुमारे १५ मिलिसेकंद झाले. एका फोटोची आतील माहिती मिळवण्यासाठी किमान दोन जागी जावे लागते असे धरा, एकदा फाइलच्या नोंदीकडे आणि एकदा प्रत्यक्ष फाइलकडे. ११ हजार फोटोंसाठी हे ३३० सेकंद, म्हणजे साडेपाच मिनिटे होतात. त्याच वेळी थंबनेल आणि अँटिव्हायरसची तपासणीही चालू असेल तर डोके या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत राहते आणि हा वेळ दुप्पट-तिप्पट होऊ शकतो. डिस्कमध्ये काडीचाही दोष नसताना दहा-पंधरा मिनिटे हिरवी पट्टी सरकत राहणे यातून समजण्यासारखे आहे. एसएसडीवर हेच काम काही सेकंदांत उरकते, कारण तिथे डोके हलवणे नसते.

सदोष डिस्कचे वागणे याहून निराळे असते. एखादा सेक्टर नीट वाचता आला नाही की डिस्क आपल्या आपणच तो पुन्हा पुन्हा वाचून पाहते, आणि तेवढ्या काळात दुसऱ्या कोणत्याही मागणीला उत्तर देत नाही. हा काळ प्रत्येक खराब जागेमागे काही सेकंदांचा असू शकतो. शेवटी डिस्कने हात टेकले तरी विंडोज आपल्या बाजूने तीच मागणी पुन्हा पाठवतो. डिस्ककडे गेलेली मागणी परत येईपर्यंत एक्सप्लोररची ती खिडकी बंदही होत नाही. टास्कबारही त्याच `explorer.exe` चा भाग असल्यामुळे तोही गोठतो, आणि टास्क मॅनेजरमधून काम संपवूनही लगेच फरक पडत नाही.

हे दोन प्रकार वेगळे ओळखण्यासाठी पुढील क्रमाने जा. आधी केबल आणि पोर्ट बदला. डेस्कटॉप असेल तर डिस्क मागच्या, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टला लावा, मध्ये हब ठेवू नका. सैल केबल किंवा अपुरी वीज यांमुळेही हेच लक्षण दिसते आणि ते तपासायला पाच मिनिटे पुरतात. नंतर संगणक पुन्हा सुरू करा, एक्सप्लोरर न उघडता कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि ही आज्ञा द्या. ड्राइव्हचे अक्षर आणि फोल्डरचे नाव तुमच्याप्रमाणे बदला.

```
dir /a "E:\Sinhastha 2015" > "%TEMP%\yadi.txt"
```

ही आज्ञा फक्त नावांची यादी वाचते, एकही फोटो उघडत नाही. काही सेकंदांत ती परत आली तर फाइल सिस्टीमच्या नोंदी तरी वाचता येत आहेत, आणि अडचण फाइलींच्या आतले वाचताना येत आहे असा अर्थ होतो. ही साधी यादीसुद्धा मिनिटभर अडकली तर एक्सप्लोररच्या सेटिंगचा विचार सोडून द्या आणि डिस्क सदोष आहे असे धरूनच पुढे चला.

यादी पटकन आली तरी निकाल अजून लागलेला नाही. तो रिसोर्स मॉनिटरमध्ये लागतो, आणि माझ्या मते या सबंध तपासणीतील ही सर्वांत बोलकी पायरी आहे. विंडोजची कळ आणि R दाबून `resmon` लिहा, `Disk` हा टॅब उघडा आणि `Disk Activity` चा भाग पसरवून ठेवा. त्यानंतर एकदाच ते फोल्डर एक्सप्लोररमध्ये उघडा आणि दोन-तीन मिनिटे या यादीकडे लक्ष द्या. तिथे कोणता प्रोग्राम कोणती फाइल वाचत आहे हे दिसते, आणि `Response Time` या रकान्यात उत्तराला किती मिलिसेकंद लागले ते येते. फाइलींची नावे भराभर बदलत असतील, वाचनाचा वेग कमी का होईना पण सतत चालू असेल आणि उत्तराचा वेळ काही दहा मिलिसेकंदांत असेल, तर डिस्क इमानाने काम करत आहे आणि तिला काम जास्त झाले आहे. याउलट एकच नाव बराच वेळ जागचे हलत नसेल, वाचनाचा वेग शून्याजवळ असूनही डिस्क १०० टक्के व्यग्र दिसत असेल आणि उत्तराचा वेळ हजारांत गेला असेल, तर त्या फोटोची जागा वाचता येत नाही. नुसते १०० टक्के पाहून निष्कर्ष काढू नका, कारण तो आकडा दोन्ही प्रकारांत दिसतो. अडकलेल्या फाइलीचे नाव कागदावर लिहून घ्या. पुढच्या वेळीही गाडी त्याच नावापाशी थांबली तर शंकेला जागा उरत नाही. केवळ कामाच्या बोज्यामुळे मंद असलेले फोल्डर दुसऱ्यांदा उघडताना सहसा थोडे तरी हलके वाटते, कारण आधी झालेले काही काम साठवलेले असते. खराब जागा मात्र दर वेळी तिथेच अडवते, कारण तिच्यावरचा फोटो कधी पूर्ण वाचलाच गेलेला नसतो.

विंडोजनेही या घटनांची नोंद ठेवलेली असते. पॉवरशेल उघडून पुढील ओळ चालवा.

```
Get-WinEvent -FilterHashtable @{LogName='System'; ProviderName='disk'; Id=7,153} -MaxEvents 20
```

क्रमांक ७ ची नोंद खराब ब्लॉक सापडल्याची असते आणि १५३ ची नोंद एखादी मागणी पुन्हा पाठवावी लागल्याची. नोंदीत डिस्कचा क्रमांक येतो. तो तुमच्या बाहेरच्या डिस्कचाच आहे ना, हे `diskmgmt.msc` मध्ये पडताळून घ्या, नाहीतर आतल्या डिस्कचा दोष बाहेरच्या डिस्कच्या माथी मारला जाईल. एकही नोंद सापडली नाही असा संदेश आला तर ती चांगली खूण आहे, पण तेवढ्याने डिस्क निर्दोष ठरत नाही.

शेवटचा साक्षीदार म्हणजे डिस्कची स्वतःची आरोग्यनोंद. ती `CrystalDiskInfo` या मोफत प्रोग्राममध्ये पाहता येते. तिथे `05`, `C5` आणि `C6` या तीन ओळींवर लक्ष ठेवा. `05` मध्ये खराब ठरवून बदललेले सेक्टर, `C5` मध्ये वाचता न आल्यामुळे निर्णयाविना पडून असलेले सेक्टर आणि `C6` मध्ये दुरुस्त न होऊ शकलेले सेक्टर मोजलेले असतात. तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने `C5` सर्वांत महत्त्वाची आहे, कारण ज्या जागांवर गाडी आत्ता अडते आहे त्या याच. हा प्रोग्राम आकडे सोळाच्या पायावर दाखवतो, त्यामुळे `28` दिसले तर ते अठ्ठावीस नसून ४० सेक्टर आहेत. `C7` या ओळीत आकडा असेल तर लगेच यूएसबी केबलला दोष देऊ नका. ती ओळ डिस्क आणि तिच्या बाहेरच्या डब्यातील सर्किट यांच्यामधल्या जोडणीतील चुका मोजते, बाहेरच्या केबलचा तिच्याशी संबंध नसतो. काही डब्यांची सर्किटे ही नोंद बाहेर येऊच देत नाहीत, तेव्हा रिसोर्स मॉनिटर आणि विंडोजच्या नोंदींवरच विसंबावे लागते.

एक उदाहरण तपशिलाने सांगतो, कारण तुमच्या परिस्थितीशी ते बरेच जुळते. सिडकोतील एका लग्नाच्या छायाचित्रकाराची १ टीबीची डिस्क माझ्याकडे आली होती. एका फोल्डरमध्ये ९,६०० फोटो होते आणि तक्रार हीच, की फोल्डर उघडताना सगळे गोठते. थंबनेल बंद करून, इंडेक्सिंग बंद करून, सफाईचा प्रोग्राम चालवून झालेला होता. `dir` ची यादी तीन-चार सेकंदांत आली. रिसोर्स मॉनिटरमध्ये सुरुवातीला नावे छान सरकत होती आणि उत्तराचा वेळ २० ते ४० मिलिसेकंद होता. मग एका फोटोच्या नावावर सगळे थांबले आणि उत्तराचा वेळ आठ हजारांच्या पुढे गेला. थोड्या वेळाने नावे पुन्हा धावू लागली आणि पुढे दुसऱ्या एका नावावर तसेच थांबली. `05` शून्य होते, `C5` मध्ये `28` होते. म्हणजे डिस्कच्या बहुतेक भागाचे वाचन उत्तम चालू होते आणि मोजक्या जागाच अडवत होत्या. तिथेच एक्सप्लोरर बंद केला आणि प्रत काढायला घेतली. ९,६०० पैकी २३ फोटो पहिल्या फेरीत आले नाहीत, दुसऱ्या फेरीत त्यांपैकी १४ आले आणि नऊ गेले. नवीन डिस्कवर ते फोल्डर उघडल्यावर गोठणे थांबले, पण हिरवी पट्टी तरीही पाच-सहा मिनिटे सरकत राहिली. ते फोल्डर काढल्याच्या तारखेच्या क्रमाने लावलेले होते, आणि तो क्रम बदलल्यावर ती पट्टीही गेली.

तुमच्याकडे सदोष डिस्कची कोणतीही खूण सापडली, किंवा खूण सापडली नाही तरी मनात शंका राहिली, तर पहिले काम प्रत काढण्याचे आहे. त्याआधी एक्सप्लोररला त्या फोटोंना हात लावू देऊ नका. विंडोजची कळ आणि R दाबून `control folders` लिहा, `View` टॅबमध्ये `Always show icons, never thumbnails` वर खूण करा. प्रत काढताना मात्र माउसने ओढून टाकण्याची पद्धत वापरू नका, कारण एका खराब फाइलवर ती थांबून प्रश्न विचारत बसते. `robocopy` वापरा.

```
robocopy "E:\Sinhastha 2015" "D:\Prat\Sinhastha 2015" /E /R:0 /W:0 /NP /TEE /LOG:D:\prat.txt
```

यातील `/R:0 /W:0` हा भाग विसरू नका. तो दिला नाही तर `robocopy` न वाचलेल्या प्रत्येक फाइलसाठी दहा लाख वेळा प्रयत्न करण्याची तयारी ठेवतो आणि दोन प्रयत्नांमध्ये ३० सेकंद थांबतो, म्हणजे पहिल्या खराब फोटोवरच अडकून राहतो आणि डिस्कलाही शिणवतो. शून्य दिल्यावर तो खराब फाइल सोडून पुढे जातो आणि नोंदवहीत तिचे नाव लिहितो. फेरी संपली की तीच आज्ञा `/R:1` करून पुन्हा चालवा. आधी आलेल्या फाइली तो वगळतो आणि फक्त राहिलेल्यांसाठी प्रयत्न करतो. वेळेचा अंदाज असा की ११ हजार फोटो सरासरी ७ एमबीचे धरले तर एकूण ७७ जीबी होतात. सेकंदाला १०० एमबी या वेगाने ते १३ मिनिटांचे काम आहे, फाइली लहान आणि विखुरलेल्या असल्यामुळे वीस-पंचवीस मिनिटे धरा. निळ्या नसलेल्या जुन्या यूएसबी २ पोर्टवर वेग ३५ एमबीच्या आसपास अडतो आणि तासभर जाऊ शकतो. याहून खूप जास्त वेळ लागत असेल तर तीही डिस्कच्या आजाराची खूण समजा. लॅपटॉप नसेल तर प्रत निघेपर्यंत संगणक यूपीएसवर असावा.

या टप्प्यावर एक गोष्ट आग्रहाने सांगतो. `chkdsk /r` चालवण्याचा सल्ला अनेक जण देतील, तो प्रत हाती येण्याआधी मुळीच ऐकू नका. ती आज्ञा संपूर्ण डिस्कचा प्रत्येक सेक्टर वाचते, म्हणजे २ टीबीच्या मरणोन्मुख डिस्कला तासन् तास राबवते, आणि शिवाय फाइल सिस्टीमच्या नोंदींमध्ये बदलही करते. तुम्हाला त्यातले ७७ जीबी हवे आहेत, तेवढेच आधी उचलावेत. फार फोटो अडत असतील तर लिनक्सवरील `ddrescue` हे साधन अधिक योग्य ठरते, कारण ते आधी सोप्या जागा उचलते आणि अवघड जागा शेवटी ठेवते. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल किंवा ती मध्येच दिसेनाशी होत असेल, तर यापैकी काहीही न करता ती काढून ठेवा आणि डेटा परत मिळवण्याचे काम करणाऱ्या जाणकाराकडे द्या.

इंडेक्सिंगबद्दल थोडेसे. विंडोजची शोधसूची मुळात तुमच्या प्रोफाइलमधील फोल्डर पाहते. बाहेरची डिस्क तुम्ही स्वतः `Indexing Options` मध्ये जोडली नसेल तर इंडेक्सिंगचा या अडचणीशी बहुधा संबंधच नाही, आणि तो असता तर रिसोर्स मॉनिटरमध्ये `SearchIndexer.exe` किंवा `SearchProtocolHost.exe` त्या फोटोंवर दिसले असते. तुम्ही ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये काढलेली खूण मात्र दिसते तितकी निरुपद्रवी नाही. ती सगळ्या फाइलींना लागू करा असे म्हटले की विंडोज प्रत्येक फाइलच्या नोंदीत एक गुणधर्म लिहीत जातो, म्हणजे संशयास्पद डिस्कवर हजारो वेळा लिहिणे होते. आता ती खूण परत लावायच्या फंदात पडू नका, आहे तसे राहू द्या.

डिस्क निरोगी निघाली, किंवा प्रत नव्या डिस्कवर सुखरूप पोहोचली, की मग एक्सप्लोररचे काम हलके करायचे. यासाठी फोल्डरमध्ये शिरण्याची गरज नाही. त्याच्या बाहेरच्या फोल्डरमध्ये थांबून त्यावर उजवी क्लिक करा, `Properties` मधील `Customize` टॅबवर `Optimize this folder for` मध्ये `General items` निवडा आणि आत उपफोल्डर असतील तर त्यांनाही लागू करण्याची खूण करा. आता आत गेल्यावर क्रम `Name` किंवा `Date modified` प्रमाणे ठेवा आणि गट करणे `None` करा. हे दोन्ही क्रम लावण्यासाठी एकही फोटो उघडावा लागत नाही.

छायाचित्रकाराला काढल्याच्या वेळेप्रमाणेच फोटो पाहायचे असतात, ही अडचण मला ठाऊक आहे, विशेषतः एकाच शाहीस्नानाचे फोटो दोन कॅमेऱ्यांनी काढलेले असताना. त्यासाठी काढल्याची तारीख एकदाच फाइलच्या नोंदीत उतरवून ठेवावी. `ExifTool` हे मोफत साधन ते काम एका आज्ञेत करते.

```
exiftool -r "-FileModifyDate<DateTimeOriginal" "D:\Prat\Sinhastha 2015"
```

यामुळे फोटोच्या आतील काहीही बदलत नाही आणि नावेही तीच राहतात, त्यामुळे ग्राहकांनी नंबराने मागितलेले फोटो शोधायला अडचण येत नाही. फक्त `Date modified` मध्ये फोटो काढल्याची वेळ येते, आणि त्या रकान्यावरचा क्रम क्षणात लागतो. हे नेहमी प्रतीवर करा, मूळ डिस्कवर नव्हे, आणि `robocopy` च्या सर्व फेऱ्या संपल्यावरच करा, कारण तारीख बदलली की पुढच्या फेरीत तो त्याच फाइली वेगळ्या समजून पुन्हा आणू लागतो. दोन कॅमेऱ्यांची घड्याळे एकमेकांशी जुळत नसतील तर क्रमात तेवढा फरक राहील.

व्हिडिओ वेगळ्या फोल्डरमध्ये हलवा. त्यांची आणि रॉ फोटोंची थंबनेल बनवण्याचे काम `COM Surrogate` या नावाने दिसणाऱ्या `dllhost.exe` कडे जाते, आणि अर्धवट लिहिला गेलेला एखादा व्हिडिओ त्याला अडकवून ठेवू शकतो. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क शांत असून याच नावाखाली प्रोसेसर तापलेला दिसत असेल तर असा एखादा व्हिडिओ शोधा. अँटिव्हायरस प्रत्येक उघडलेली फाइल तपासतो, विंडोजच्या स्वतःच्या संरक्षणाचे नाव तिथे `MsMpEng.exe` असे दिसते. ते वाचनात सतत वरच्या क्रमांकावर असेल तर केवळ फोटोंचे हे फोल्डर तपासणीतून वगळून फरक पडतो का ते पाहा.

११ हजार फोटो एकत्र ठेवण्याची सक्ती नसेल, तर ते दिवसाप्रमाणे आणि घाटाप्रमाणे विभागा, उदाहरणार्थ `2015-08-29 Ramkund` आणि `2015-08-29 Kushavarta`, म्हणजे पहिल्या शाहीस्नानाचे दोन्ही संच नावाच्या क्रमानेच शेजारी येतील. एका फोल्डरमध्ये हजार-दीड हजार फोटो असले की थंबनेल पुन्हा सुरू केली तरी साध्या हार्ड डिस्कवरही काम सुसह्य होते.

जुन्या डिस्कचे काय करायचे ते प्रतीची पडताळणी झाल्यावर ठरवा. दोन्हीकडील फाइलींची संख्या आणि एकूण आकार जुळवा, `prat.txt` मधील `ERROR` च्या ओळी एकेक करून पाहा, आणि प्रतीतील फोटो थंबनेल लावून एकदा वरपासून खालपर्यंत सरकवा, म्हणजे अर्धे राखाडी किंवा तुटलेले फोटो लगेच नजरेस पडतील. `C5` मध्ये आकडा निघाला असेल तर ती डिस्क फॉरमॅट करून पुन्हा वापरात आणू नका. न आलेल्या फोटोंसाठी पुढे कधी जाणकाराची मदत घ्यावीशी वाटली, तर तीच डिस्क, काहीही न लिहिलेल्या स्थितीत, त्याच्या हाती द्यावी लागेल.